धडा नंबर तीन: 'डेटाकडे लक्ष द्यावे'

माझा साहेब म्हणाला, "अगं, दोन तासांचं काम आहे. प्रोजेक्ट संपलाय, त्याच्या क्लोजर डेकमधून लेसन्स उचल आणि पुढच्या टीमसाठी मेमो करून टाक." आज पाचवा दिवस आहे. डोंबिवली ते घाटकोपर दारात लोंबकळत आणि पुढे मेट्रोने साकीनाका गाठत मी रोज त्याच बासष्ट स्लाइड्सचा विचार करते आहे, आणि रोज नव्याने डोकं फिरतंय.

या बासष्टमध्ये लेसन्सची स्लाइड एक. तिच्यावर पाच ओळी. तिसरी ओळ: 'डेटा क्वालिटीकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे.' अरे, कोणी द्यावे? कधी? कसलं लक्ष? उद्या नवीन टीमने हे वाचून सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं? डेटाला ओवाळायचं?

हा प्रोजेक्ट आमच्या भिवंडीच्या गोडाऊनमध्ये नवीन सॉफ्टवेअर बसवण्याचा होता. शुक्रवारी रात्री जुनी सिस्टिम बंद, सोमवारी सकाळी नवी चालू. सोमवारी काय झालं ते डेकमध्ये 'सुरुवातीच्या किरकोळ अडचणी' म्हणून आलंय. किरकोळ! गेटवर गाड्यांची रांग होती आणि स्कॅनर दर तिसऱ्या खोक्याला 'आयटम सापडला नाही' म्हणत होता.

डेक लिहिणारा माणूस आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे, तो फोन उचलत नाही. व्हेंडरचं शेवटचं बिल सही होऊन गेलंय, त्यामुळे त्यांना काहीच आठवत नाही. शेवटी इश्यू लॉग उघडला. दीडशेच्या वर नोंदी, सगळ्यांपुढे 'क्लोज्ड'. त्यातल्या एकीत एक वाक्य सापडलं: 'कोडमधील शून्य गेले.' मग गोडाऊनच्या सुपरवायझर काकांना फोन केला. त्यांनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं. ह्या माणसाला क्लोजर मीटिंगला बोलावलंच नव्हतं!

झालं असं. जुन्या सिस्टिममधून मालाची यादी CSV फाइलमध्ये काढली. कोणीतरी 'नुसतं बघायला' म्हणून ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली. 004512 हा कोड एक्सेलला आकडा वाटला, त्याने पुढची दोन शून्यं खाल्ली, उरलं 4512. खोक्यावरच्या लेबलवर मात्र 004512च छापलेलं.

मग टेस्टिंगमध्ये कसं सापडलं नाही? कारण टेस्टिंगला घेतलेले पन्नास आयटम नव्या मालातले होते, त्यांचे कोड अक्षराने सुरू होतात. अशा कोडला एक्सेल आकडा समजत नाही. आणि यादी नव्या सिस्टिममध्ये चढवल्यावर तपासणी कसली केली? ओळी मोजल्या. जुन्यात जितक्या, नव्यात तितक्या. हिरवा टिक! पण शून्य गेलं म्हणून ओळ जात नाही हो, ओळी जुळणारच. मोजायला हवं होतं ते वेगळं: शून्याने सुरू होणारे कोड आधी किती होते आणि नंतर किती राहिले. हा आकडा जुळला नसता आणि गाड्या यायच्या दोन दिवस आधीच, शनिवारी, बोंब झाली असती.

एवढं सगळं त्या एका ओळीच्या पोटात होतं. मी मेमोत हा एकच धडा पूर्ण लिहिला. काय घडलं, का घडलं, टेस्टिंगमधून का निसटलं. पुढे, यादी एक्सेलमध्ये आणायचीच असेल तर डेटा मेन्यूतून आणा आणि कोडचा कॉलम टेक्स्ट म्हणून निवडा. टेस्टिंगच्या नमुन्यात जुन्या मालाचे शून्यवाले कोड मुद्दाम घाला. आणि शेवटी हेही, की तुमचे सगळे कोड अक्षराने सुरू होत असतील तर हा धडा सोडून द्या, तो तुमच्यासाठी नाही. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण धडा कुठे लागू नाही ते न सांगितल्यामुळेच लोक सगळे धडे एकाच टोपलीत फेकतात.

उरलेल्या चार ओळींपैकी दोन मी सरळ काढून टाकल्या. 'संवाद वाढवावा' याच्या मागे लॉगमध्ये एकही घटना सापडली नाही. ज्याच्या मागे घटना नाही तो धडा नव्हे, सुविचार. फळ्यावर लिहा.

काल साहेबांना पाठवला. आज उत्तर आलं: "छान आहे, पण फार डिटेल झालंय. तीन बुलेटमध्ये कर ना, क्रिस्प. आणि कोणी फाइल उघडली वगैरे नको, उगाच कोणाला लागेल." मी कुठे नाव लिहिलंय? मलाच माहीत नाही कोणी उघडली!

आणि दुपारी चाकणच्या गोडाऊनसाठी नेमलेल्या नव्या टीमचा मेल आला. सोबत मालाची यादी, 'चेक करून पाठवली आहे' असं लिहून. फाइल एक्सेलची. उघडली. कोडचा कॉलम अख्खा उजवीकडे चिकटलेला, म्हणजे एक्सेलच्या लेखी सगळे आकडे. पहिल्याच ओळीत 4512.