शक्यतेच्या आलेखातून संवेग निघत नाही

‘इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याच्या शक्यतेचा आलेख घ्या, त्याचं फूरिये रूपांतर करा, की संवेगाचं वितरण मिळालं.’

नाही. रूपांतर करायचं ते कणाच्या तरंगफलनाचं, म्हणजे ψ(x) चं, वर्ग त्यानंतर. आधीच |ψ|², म्हणजे शक्यतेचा आलेख, घेतलं तर फेज पुसली जाते, आणि कण कुठल्या दिशेने, किती वेगाने चाललाय हे नेमकं फेजमध्येच असतं.

ψ = exp(−x²/4σ²) हे तरंगपुंज घ्या. त्याच्या रूपांतराचा वर्ग exp(−2σ²k²) येतो: p = ħk, मध्य शून्यावर, पसारा ħ/2σ. आता ψ ला exp(ik₀x) ने गुणा. |ψ|² तसूभरही बदलत नाही, पण संवेगाचा मध्य थेट ħk₀ वर सरकतो. एकच आलेख, दोन वेगळे संवेग!

चूक ओळखणंही सोपं आहे. |ψ|² कधीच ऋण नसल्याने त्याच्या रूपांतराचं शिखर कायम k = 0 वरच येतं; म्हणजे धावणारा कणही उभाच दिसणार. शिवाय मुक्त पुंज काळानुसार पसरतं, तेव्हा |ψ|² रुंदावतं, मात्र संवेगाचं खरं वितरण जागचं हलत नाही. ψ च्या रूपांतरात बदलते ती फक्त फेज.