वजा मॅग्नेशियम

रविवारी दुपारी जरा पाठ टेकली, तोच भाची क्लासच्या नोट्स घेऊन उशाशी हजर. "मामा, मॅग्नेशियम वजा येतंय."

गणित असं: कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेटचं १.८४ ग्रॅम मिश्रण वजन स्थिर होईपर्यंत तापवलं, ०.७८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघाला. तर कोण किती? म्हणजे कोंबड्या-शेळ्यांची डोकी आणि पाय मोजण्याचाच प्रकार, फक्त इथे जनावरं पांढरी भुकटी होऊन एकमेकांत मिसळलेली. कॅल्शियमवाला क्ष ग्रॅम, मॅग्नेशियमवाला य ग्रॅम. पहिलं समीकरण वजनाचं:

क्ष + य = १.८४

दोघांचाही एक मोल तापला की वायूचा एकच मोल सुटतो, म्हणून दुसरं समीकरण मोलांचं. रेणुवस्तुमानं १०० आणि ८४, वायूचं ४४:

क्ष/१०० + य/८४ = ०.७८/४४

सोडवलं. क्ष २.१९ आणि य वजा ०.३५! १.८४ ग्रॅमच्या पुडीत सव्वादोन ग्रॅमच्या आसपास चुनखडी, आणि मॅग्नेशियम आपल्यालाच देणं लागतो.

पेन ठेवून जरा डोकं चालवलं. सगळी पुडी कॅल्शियमवाल्याची असती तर वायू ०.८१ ग्रॅम निघाला असता, सगळी मॅग्नेशियमवाल्याची असती तर ०.९६. मिश्रण कसलंही करा, उत्तर या दोघांच्या मधेच हवं. ०.७८ला दारातूनच परत पाठवायला हवं होतं; आम्ही त्याला आत घेऊन समीकरणं वाढत बसलो.

आणि दार तरी केवढं? जेमतेम ०.१५ ग्रॅमची फट, आणि तेवढ्यात शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतचं सगळं मॅग्नेशियम बसवायचं. प्रयोगशाळेत कॅल्शियमवाला नीट न तापून नुसता ०.०१ ग्रॅम वायू आत राहिला, तरी मॅग्नेशियम कार्बोनेट ०.१२ ग्रॅमने कमी भरतं. 'वजन स्थिर होईपर्यंत' हे शब्द परीक्षक उगाच घालत नाहीत. पोरं मात्र तेवढेच गाळून वाचतात.

"पुढचा उपप्रश्न वाच," मी म्हटलं. त्यात ऑक्साइडांचा अवशेष ०.९६ ग्रॅम दिला होता. १.८४ वजा ०.९६ म्हणजे ०.८८. छापणाऱ्याने आठाचा सात केला होता! ०.८८ घातल्यावर वायू बरोबर ०.०२ मोल, क्ष १.०० आणि य ०.८४. दोघांचा ०.०१-०.०१ मोल, म्हणजे चक्क डोलोमाइट या खनिजातलं प्रमाण.

भाचीने क्लासला फोन लावला. पलीकडच्या सरांनी शांतपणे सांगितलं, "वजा आलं तर वजा लिहून ये गं, मार्क पद्धतीला असतात."