शेवटच्या दिवसाचा मेल: घाई खरी हवी, टोमणा नको

«सेलच्या शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकाला टोचलंच पाहिजे. 'विणकरांच्या कष्टांकडे पाठ फिरवणार?' असं लिहा. खाली 'नको, मला जादा पैसे द्यायला आवडतात' असं बटण ठेवा. रात्री बारा वाजले की एक दिवस वाढवा. सोलापुरी चादर अशीच खपते.»
(व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला)

अशाने काही ऑर्डरी येतात, हे मान्य. पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबलेलं गिऱ्हाईक बहुतेकदा एखाद्या बारीक शंकेपाशी अडलेलं असतं. चादर डबल बेडला पुरेल का? रंग जाईल का? उद्या काय भाव? विणकराचं नाव घेऊन यातली एकही शंका फिटत नाही. समजा, डबल चादर १,१५० ची ९५० ला आहे आणि सेल रविवारी रात्री ९ ला संपतोय. मग विषयाच्या ओळीत एवढंच लिहा: 'चादरींचा सेल आज रात्री ९ ला बंद'. इनबॉक्समध्ये तिच्या शेजारी दिसणाऱ्या ओळीत: 'उद्यापासून डबल चादर पुन्हा १,१५० रुपये'. आत चादरीची लांबी-रुंदी, पहिली धुलाई वेगळी करा ही सूचना, माल कधी पोचेल ते, आणि एकच बटण. 'मोरपंखी रंगाच्या थोड्याच उरल्यात' हे गोदामात मोजून पाहिलं असेल तरच लिहा. मेल सकाळी एकदा जावा आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास पुन्हा. दुसऱ्या खेपेआधी दिवसभरात ऑर्डर दिलेल्यांची नावं यादीतून काढा. दुपारी पैसे भरलेल्या बाईंना संध्याकाळी 'अजून विचारच करताय?' असा मेल गेला, तर त्या चिडणारच.

'नको, मला जादा पैसे द्यायला आवडतात' या बटणाचं म्हणाल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असं लाजवणं आणि खोटी घाई दाखवणं, दोन्ही निषिद्ध प्रकारांत आहेत. शिवाय टोचलेला माणूस सरळ 'स्पॅम' दाबतो. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलचं सांगणं आहे की अशा तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ ला पोचू देऊ नका. म्हणजे इनबॉक्समध्ये पडलेल्या हजार मेलमागे तिघांनी दाबलं तरी पुढचे मेल स्पॅममध्ये जायला लागू शकतात. त्यापेक्षा तळाशी 'या सेलचे मेल नकोत' अशी साधी लिंक द्या. ती दाबणाऱ्याला फक्त या सेलमधून वगळा, म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सेलच्या वेळी तो तुमच्या यादीत असेल.

मुदत वाढवण्याचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. आज ९ ला बंद म्हणून ज्याने घाईने पैसे भरले, त्याला उद्या तोच भाव दिसला की पुढच्या सेलला तो तुमच्या ९ वाजण्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि शेवटच्या दिवसाचा मेल कितीही चांगला लिहिला तरी त्याच्यासाठी फुकट. वेबसाइटवर पैसे भरणंच बंद पडलं असेल, तर जेवढे तास गेले तेवढेच वाढवा आणि कारण मेलच्या पहिल्या ओळीत लिहा.