८५ डेसिबलचं लेबल आणि आठवड्याचे चार तास

"मुलांसाठी ८५ डेसिबल मर्यादेचा हेडफोन घ्या आणि निर्धास्त व्हा. ८५ पर्यंतचा आवाज सुरक्षितच असतो, फुल्ल व्हॉल्यूमवर दिवसभर ऑनलाइन क्लास केला तरी काही होत नाही. मर्यादा हेडफोनमध्येच असल्यामुळे मूल ती ओलांडू शकत नाही. आणि साधा हेडफोन असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये आवाज ६० टक्क्यांवर लॉक करा, काम झालं."

पालकांना मिळणारा हा सल्ला एकेक वाक्य घेऊन तपासू. सुरुवात ८५ या आकड्यापासूनच करू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. हा आकडा कारखान्यातून आलेला आहे. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबल, रोज आठ तास ही मर्यादा सुचवते. ती मोठ्या माणसांसाठी आहे. शिवाय १९९८ साली तिनेच मांडलेल्या हिशेबानुसार, नोकरीची चाळीस वर्षं या पातळीवर काढली तर शंभरातल्या साधारण आठ जणांची श्रवणशक्ती त्या आवाजामुळे लक्षणीय कमी होते. म्हणजे मोठ्यांसाठीसुद्धा ८५ ही 'काही होत नाही' अशी रेषा नाही. एवढी जोखीम चालवून घेऊ, अशी ती रेषा आहे.

मुलांसाठी वेगळा आकडा आहे आणि तो लेबलवर सहसा नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली सुरक्षित ऐकण्याचं जे मानक जाहीर केलं, त्यात मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल धरले आहेत. दोन्हींसाठी वेळ आठवड्याला ४० तास. यातली गोम अशी की डेसिबलची बेरीज साधी नसते. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. ७५ ला ४० तास, ७८ ला २०, ८१ ला १०, ८४ ला ५ आणि ८५ ला जेमतेम ४. दिवसाला नव्हे, आठवड्याला.

माझ्या दहा वर्षांच्या पुतणीचा हिशेब मांडून पाहिला. क्लास रोज चार तास, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे २० तास. गाणी आणि कार्टून रोज तासभर, ते ७. एकूण २७ तास. आवाज ७५ च्या आसपास असेल तर ४० तासांच्या कोट्यात हे आरामात बसतं. तोच आवाज खरोखर ८५ असेल तर सोमवारचा क्लास संपताना आठवड्याचा कोटाही संपतो. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की बाई बोलताना थांबतात, मुलं उत्तरं शोधतात, त्यामुळे क्लासची सरासरी लेबलवरच्या कमाल आकड्यापेक्षा खाली राहते. गाण्यांमध्ये असा श्वास घ्यायला वाव नसतो. तरी फुल्ल व्हॉल्यूम ही रोजची सवय असावी, असं हे गणित कुठूनही सांगत नाही.

मर्यादा ओलांडता येत नाही म्हणता? पुतणीच्या वायरवाल्या हेडफोनची केबल काढता येते. आवाज कमी करणारा रोधक त्या केबलमध्येच होता. एक दिवस केबल तुटली, तिने घरातली दुसरी लावली, आणि हेडफोनवरचं लेबल तसंच राहून मर्यादा मात्र गेली. तिला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट 'आता नीट ऐकू येतं' म्हणाली. असे हेडफोन ठरावीक ताकदीचा सिग्नल गृहीत धरून बेतलेले असतात. लॅपटॉपने जास्त जोर दिला तर रोधक शाबूत असूनही आकडा वर सरकतो. ब्लूटूथच्या काही मॉडेलमध्ये मर्यादा आतल्या सर्किटमध्ये असते, आणि बॅटरी उतरल्यावर वायर लावून ऐकलं की ते सर्किट वाटेतच येत नाही. म्हणून नवा हेडफोन आणला की तो स्वतःच्या कानावर घेऊन फुल्ल व्हॉल्यूमवर ऐकावा, एकदा फोनवर, एकदा लॅपटॉपवर, एकदा वायरने आणि एकदा वायरशिवाय. चारही वेळा आवाज सारखा लागला नाही, तर मर्यादा कुठे सुटते ते तिथेच कळतं.

साठ टक्क्यांबद्दल थोडक्यात: टक्का ही व्हॉल्यूमच्या पट्टीवरची जागा आहे, डेसिबल नव्हे. त्याच फोनवर, त्याच साठ टक्क्यांना एक हेडफोन कुजबुजतो आणि दुसरा ओरडतो.

फोनमधल्या लॉकची गोष्ट मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण इथे चांगली जागरूक माणसंही फसतात. सॅमसंगच्या फोनमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये `Media volume limit` असतं आणि त्याला पिनही लावता येतो. नाव नीट वाचा: मीडिया. अँड्रॉइडमध्ये मीडियाचा आवाज आणि कॉलचा आवाज या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. व्हिडिओ आणि गाणी मीडियात मोडतात, पण मीटिंगची ॲप बहुतेक वेळा कॉलची पट्टी वापरतात. म्हणजे कार्टूनला कुलूप लागतं आणि ज्या क्लाससाठी ते लावलं तो मोकळाच राहतो. हे ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. क्लास चालू असताना आवाजाचं बटण दाबा. पडद्यावर सुरावटीचं चिन्ह आलं तर मीडिया, फोनच्या रिसीव्हरचं आलं तर कॉल. रिसीव्हर दिसला तर त्या क्लासपुरता भरवसा हेडफोनच्या स्वतःच्या मर्यादेवर ठेवावा लागतो. म्हणूनच मर्यादेचा हेडफोन घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. तो शेवटचं कुंपण आहे, एकमेव नव्हे.

आयफोनवर `Settings` मध्ये `Sounds & Haptics`, त्यात `Headphone Safety`, आणि तिथे मोठा आवाज कमी करण्याचा पर्याय आहे. त्याची पट्टी टक्क्यांत नसून डेसिबलमध्ये आहे आणि ७५ पर्यंत खाली येते. मुलाने ती परत वर नेऊ नये म्हणून `Screen Time` मधल्या `Content & Privacy Restrictions` मध्ये जाऊन त्या सेटिंगमधला बदल बंद करता येतो. कंट्रोल सेंटरमध्ये `Hearing` हे कानाचं चिन्ह टाकून ठेवलं तर चालू आवाजाची पातळीही दिसते. दुसऱ्या कंपनीचा वायरचा हेडफोन असेल तर तो आकडा अंदाजाचा समजावा. आणि इथेही गाण्यावर तपासून थांबू नका, चालू क्लासमध्ये व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊन लॉक खरंच अडवतो का ते बघा.

हे सगळं लावून दुसऱ्या दिवशी पुतणीची तक्रार आली की काहीच ऐकू येत नाही. शेजारी बसून पाहिलं तर बाई लॅपटॉपपासून लांब, फळ्याजवळ उभ्या होत्या, आणि आमच्याकडे त्याच खोलीत मिक्सर चालू होता. मुलं आवाज वाढवतात ती बहुधा अशीच, आजूबाजूच्या गोंगाटावर मात करायला. मग एखादा मुलगा माइक चालू करून तोंडाजवळ ओरडतो, आणि वाढवलेला आवाज तसाच कानात शिरतो. आम्ही तिचं टेबल आतल्या खोलीत हलवलं, बाईंना माइक जवळ ठेवायची विनंती केली, आणि कानावरून पूर्ण बसणारा हेडफोन दिला. कानात खुपसायचे इअरफोन मुद्दाम टाळले. लहान मुलाची कानाची नळी लहान असते, त्यामुळे ती बंद झाल्यावर त्याच सिग्नलचा कानाच्या पडद्यावरचा दाब मोठ्यांपेक्षा जास्त होतो. लॉक होता तिथेच आहे, आणि आता ती निम्म्या पट्टीवर क्लास ऐकते.