एलच्या जागी आर, आणि माझ्या डोक्यावर शेव

आज सकाळी इंदूरच्या एका सरकारी खिडकीसमोर दोन तास बसले होते. कारण एवढंच, की कार्डावर माझं नाव वनिताचं विनिता झालंय. स्पेलिंगमधला एक ए गेला आणि त्या जागी आय आला. टोकन ४७, चालू होतं १९. म्हणून पर्समधून इंग्रजी पेपरचं क्रिप्टिक शब्दकोडं काढलं, पेन्सिल काढली, आणि तिथेच चूक झाली.

शेजारी एक काका. हातात शेवेची पुडी. खात होते ते, सांडत होती माझ्या पेपरवर.

"ताई, हे काय, कोडं? अडलात कुठे?"

अडले होते खरी. क्लू होता: 'एस्केप, लेफ्ट फॉर राइट, टेरर', सहा अक्षरं. यात एस्केप म्हणजे फ्लाइट, टेरर म्हणजे फ्राइट, आणि दोघांत फरक फक्त दुसऱ्या अक्षराचा, एल की आर. लेफ्ट म्हणजे एल, राइट म्हणजे आर. म्हणजे गंमत कळलीच होती. पण उत्तर यातलं कुठलं?

क्रिप्टिकमध्ये उत्तराचा सरळ अर्थ, म्हणजे व्याख्या, क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, बाकीचा भाग अक्षरांचा खेळ. इथे दोन्ही टोकांना व्याख्या होऊ शकेल असा शब्द बसलाय, म्हणजे सगळा भार मधल्या 'फॉर'वर. उभ्या शब्दांनी मला पहिलं, तिसरं, पाचवं अक्षर दिलं होतं: एफ, आय, एच. दुसऱ्या घरातून दुसरा शब्द जातच नव्हता. कोडं रचणाऱ्याने बदललेलं अक्षरच नेमकं उघडं ठेवलं! त्या घरातून एक उभा शब्द नेला असता तर वादच संपला असता, पण नाही.

मी म्हटलं, "काका, फुटबॉलमध्ये खेळाडू बदलतात ना, 'अमका फॉर तमका' म्हटलं की अमका आत येतो, तमका बाहेर जातो. तसंच इथे एल आत, आर बाहेर. फ्राइटचं फ्लाइट होतं."

"छे! आमचा मुलगा 'लेफ्ट इंदूर फॉर पुणे'. इंदूर सुटलं की नाही? म्हणजे आधी जे येतं ते सोडायचं. एल सोडा, आर धरा. उत्तर फ्राइट."

मग मुलगा पुण्यात काय करतो, सून कशी आहे, तिथल्या पोह्यांवर आपला जीरावण मसाला कसा मिळत नाही, हे सगळं झालं. मी 'हो का' म्हणत होते आणि राग येत होता, कारण काका चूक नव्हते. पुस्तकातल्या शुद्धिपत्रातसुद्धा 'फॉर हे, रीड ते' असतं, तिथे फॉरनंतरचं बाहेर जातं. त्या हिशेबाने माझं बरोबर. पण एक वस्तू देऊन दुसरी घेतो तेव्हा 'पेन फॉर पेन्सिल' म्हणतात आणि पहिली हातातून जाते, तिथे काकांचं बरोबर. आपल्या मराठीत ही भानगडच नाही, 'ऐवजी' ज्याला चिकटलं ते गेलं. डाव्याऐवजी उजवा म्हटलं की डावा बाहेर, विषय संपला.

अक्षर बदलायचे बाकीचे इशारे निदान प्रामाणिक असतात. 'चेंज ऑफ हार्ट' असेल तर मधलं अक्षर बदला, कॅटचं कट करा. कुठलं अक्षर घालायचं ते सांगत नाहीत, ते व्याख्येवरून शोधायचं, पण जागा तरी पक्की असते. 'फॉर'सारखा शब्द व्याख्यांच्या मध्ये बसवायचा आणि दोन्ही बाजूंनी हात वर करायचे, याला मी आळस म्हणते.

मी पेन्सिलने पुसट एल लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह. पुढचा क्लू वाचायला मान खाली घातली आणि काकांनी खिशातलं बॉलपेन काढून त्यावर ठसठशीत आर गिरवला. बॉलपेनने! माझ्या कोड्यात! वर म्हणाले, "आता पक्कं झालं."

तेवढ्यात ४७ पुकारलं. काका ४८, तेही मागोमाग खिडकीशी. माझ्या अर्जावर मी व्यवस्थित इंग्रजीत लिहिलं होतं, 'नावात रीड ए फॉर आय'. बाबूंनी दोनदा वाचलं, चष्मा वर केला.

"म्हणजे यातलं काढायचं कोणतं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून काका, "भिया, जे आधी लिहिलंय ते काढायचं. ए काढा, आय लावा."

बाबूंनी कार्ड बघितलं. "आय तर लागलेलाच आहे मॅडम. काम झालंय तुमचं." आणि अर्जावर शिक्का मारला.