‘अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वर्गसमीकरणांचे सात धडे यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतील, प्लेलिस्टची लिंक वर्गाला द्या आणि कमेंट बंद ठेवा, असं मी एका लेखात शिक्षकांना सुचवलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया : “मॅडम, लेख वाचून हसू आलं. अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे, एवढंही माहीत नसताना शिक्षकांना सल्ले देताय. लिंक एकदा व्हॉट्सॲपवर गेली की गावभर झालीच समजा. वर कमेंट बंद करून मुलांची तोंडंही बंद करायची! त्यापेक्षा सगळं सरळ ड्राइव्हवर टाका की. – एक पालक”

उत्तर :

हसू आलं ते बरंच झालं. घरात दहावीचं मूल असलं की पालकांना हसायला कारणं तशी कमीच मिळतात. पण ‘एवढंही माहीत नसताना’ हे जरा जास्त झालं. नाव न लिहिता दुसऱ्याची अक्कल काढायला फारसं धाडस लागत नाही. बावीस वर्षं बीजगणित शिकवते आहे आणि पालकसभेत याहून तिखट ऐकून घेतलं आहे, पण तिथे बोलणारा निदान समोर उभा असतो.

एक चूक मात्र मान्य करते. लेखात एका ठिकाणी ‘खाजगी लिंक’ असे शब्द गेले होते, ते आज ‘अनलिस्टेड लिंक’ असे दुरुस्त केले आहेत. Private हा यूट्यूबवरचा वेगळा पर्याय आहे. त्यात प्रत्येक मुलाचा ईमेल पत्ता टाकून आमंत्रण द्यावं लागतं, आणि मुलाने त्याच खात्याने लॉगिन केलं तरच व्हिडिओ उघडतो. ५८ मुलांच्या वर्गात निम्मी मुलं आईच्या नाहीतर काकाच्या फोनवर धडा बघतात. त्या फोनवर कोणाचं खातं चालू आहे हे त्या घरालाही नीट माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग ‘मॅडम, व्हिडिओ उघडत नाही’ म्हणत उभा राहतो. म्हणून अनलिस्टेड, आणि ते काय आहे हे नीट जाणून.

आता तुमचं ते गावभर होणं. व्हॉट्सॲपवरून लिंक पुढे जाते, हे कोणी नाकारलेलंच नाही. ज्याच्या हातात लिंक, तो बघू शकतो आणि पुढेही पाठवू शकतो, ही अनलिस्टेडची व्याख्याच आहे. पण शेजारच्या तुकडीतल्या दोन मुलांनी वर्गसमीकरणं बघितली तर माझं काय बिघडलं? बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तिकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. ते ठिकाण म्हणजे प्लेलिस्ट.

अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबच्या शोधात येत नाही आणि चॅनलच्या Videos टॅबमध्येही दिसत नाही. मात्र तोच व्हिडिओ एखाद्या Public प्लेलिस्टमध्ये गेला की शोधात येऊ शकतो. बरेच शिक्षक इथेच फसतात. सातही व्हिडिओ नीट Unlisted करतात, मग ‘वर्गसमीकरणे’ नावाची प्लेलिस्ट बनवतात आणि तिची Visibility बघायची विसरतात. व्हिडिओची आणि प्लेलिस्टची दृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. प्लेलिस्ट Public राहिली तर ती चॅनलच्या पानावर दिसते आणि तिच्यातून सातही धडे कोणालाही उघडता येतात. त्यासाठी व्हॉट्सॲपची गरजच पडत नाही.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुमचं खातं मध्ये येणार नाही. तिथे स्वतःच्या चॅनलचं पान उघडून Playlists टॅब बघा. मग व्हिडिओचं पूर्ण शीर्षक यूट्यूबच्या शोधात टाका. दोन्हीकडे काही दिसलं नाही तर ठीक. ही परीक्षा स्वतःच्या खात्यातून घेऊ नका, कारण मालकाला स्वतःचं सगळंच दिसतं.

दुसरी गोष्ट लिंकच्या आकारातच आहे. प्लेलिस्टमधून तिसरा धडा चालू असताना वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला, तर तो असा दिसतो :

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&list=PLAYLIST_ID&index=3
```

`v=` नंतरची ११ अक्षरं म्हणजे तो एक व्हिडिओ. `&list=` पासून पुढचा भाग म्हणजे अख्खी प्लेलिस्ट. एकाच धड्याची लिंक पाठवतोय असं वाटून शिक्षक पाठवतात ती सातही धड्यांची. एकच द्यायचा असेल तर `&list=` पासून पुढचं सगळं खोडायचं. वर्गाला मात्र मी प्लेलिस्टचीच लिंक द्या म्हणते, आणि त्याला कारण आहे.

यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. सुरुवातीचा किंवा मधला तुकडा कापायचा असेल तर YouTube Studio मधल्या Editor मध्ये Trim करून लिंक तशीच राहते, हे खरं. पण फळ्यावर चिन्ह चुकलं आणि धडा पुन्हा रेकॉर्ड केला, तर नवा व्हिडिओ म्हणजे नवी लिंक. आठवड्यापूर्वी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पडलेली जुनी लिंक मुलं तशीच उघडत राहतात आणि चुकीचं उदाहरण वहीत उतरतं. प्लेलिस्टची लिंक दिलेली असली की आतला व्हिडिओ बदलला तरी मुलांच्या हातातली लिंक तीच राहते.

समजा, सातातल्या तिसऱ्या धड्यात, सूत्र पद्धतीच्या, एका मुलाचं नाव घेऊन त्याची चूक सांगितली गेली आहे आणि ती लिंक बाहेर फिरते आहे. पहिल्यांदा तो व्हिडिओ Private करायचा. त्या क्षणापासून कोणाकडेही लिंक असली तरी तो उघडत नाही. आता इथे बहुतेकांची जी चूक होते ती अशी : दोन दिवसांनी वातावरण निवळलं म्हणून तोच व्हिडिओ पुन्हा Unlisted करतात. Private करून परत आणल्याने लिंक बदलत नाही. बाहेर फिरणारी जुनी लिंक पुन्हा जिवंत होते. नवी लिंक हवी तर तो भाग कापलेली फाइल नव्याने चढवावी लागते. मग ती प्लेलिस्टमध्ये घालायची, शेवटी जाऊन बसली असेल तर ओढून तिसऱ्या जागी आणायची आणि जुनी प्लेलिस्टमधून काढायची. नाहीतर मुलांना सूत्र पद्धत सातव्या धड्यानंतर भेटते.

आणि बाहेर गेलेल्या लिंकमध्ये `&list=` असेल तर एवढ्यानेही भागत नाही, कारण नवा व्हिडिओसुद्धा त्याच फुटलेल्या प्लेलिस्टमध्ये जाऊन बसतो. तेव्हा नवी अनलिस्टेड प्लेलिस्ट करायची, सातही धडे तिच्यात घालायचे, तिची लिंक वर्गाला द्यायची आणि जुनी प्लेलिस्ट काढून टाकायची. प्लेलिस्ट काढली तरी व्हिडिओ जात नाहीत. उरलेल्या सहांच्या सुट्या लिंका अर्थात चालूच राहतात. त्यात लपवण्यासारखं काही नसेल तर राहू द्याव्यात.

लिंक फुटली हे कळतं कसं? Studio मधल्या Analytics मध्ये. नुसता व्ह्यूजचा आकडा बघून घाबरू नका. ५८ मुलांनी परीक्षेआधी तीन तीनदा धडा बघितला तर आकडा दीडशेच्या वर जातोच. बघायचं ते प्रेक्षक कुठून आले हे. External किंवा Direct or unknown दिसलं तर त्यात नवल नाही, गटावरच्या लिंका तशाच उघडल्या जातात. YouTube search दिसलं तर मात्र कुठेतरी Public प्लेलिस्ट आहे असं धरून शोधाला लागा. ती तुमचीच असेल असंही नाही. लिंक असलेला कुठलाही प्रेक्षक तुमचा अनलिस्टेड व्हिडिओ स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये ठेवू शकतो, आणि ती Public असू शकते. Playlists हा स्रोत अचानक वाढला आणि तुमची प्लेलिस्ट मुलांना अजून दिलेलीच नसेल, तर हेच झालेलं असतं. कोण्या मुलाने बघितला आणि कोणी नाही, हे Analytics सांगत नाही. हजेरीसाठी ते निरुपयोगी आहे.

तुम्ही सांगितलात तो धोका यूट्यूबलाही माहीत आहे. २०१७ साली त्यांनी अनलिस्टेड लिंका तयार करण्याची पद्धत अधिक सुरक्षित केली, आणि २३ जुलै २०२१ पासून १ जानेवारी २०१७ आधीचे अनलिस्टेड व्हिडिओ आपोआप Private केले. ज्यांनी नकार कळवला त्यांचे तेवढे तसेच राहिले. जुन्या धड्यांची लिंक एकाएकी बंद पडली अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी आधी चढवल्याची तारीख बघावी.

कमेंटबद्दल थोडंच. तोंडं बंद करायचा आरोप ज्यांनी केला त्यांनी दहावीच्या व्हिडिओखालच्या कमेंट एकदा वाचाव्यात. मुलं पूर्ण नाव, तुकडी, कधी फोन नंबरसुद्धा लिहितात. लिंक असलेल्या प्रत्येकाला ते दिसतं आणि नावावर टिचकी मारली की मुलाचं चॅनल उघडतं. Studio मध्ये व्हिडिओच्या Details पानावर Show more खाली Comments आहे. तिथे Off केलं की जुन्या कमेंटही दिसेनाशा होतात. Pause केलं तर जुन्या दिसतात, नव्या थांबतात. मुलांचे नंबर आधीच पडलेले असतील तर Pause चा उपयोग नाही. दरवेळी करायला नको म्हणून Settings मधल्या Upload defaults मध्ये Visibility आणि कमेंट दोन्ही ठरवून ठेवता येतात, पण ते पुढच्या अपलोडना लागतं, मागच्यांना नाही. मागचे सगळे एकदम निवडून Edit मधून बदला. शाळेच्या पायरीवर बसून फोनवरून धडा चढवलात तर त्या डिफॉल्टवर विसंबू नका, तो हाताने तपासा.

शंका विचारायच्या तर धड्याचा क्रमांक आणि वेळ लिहून विचारायच्या : ‘धडा ३, ७:४०, मूळचिन्हाखाली उणे कसं आलं?’ उत्तर देताना मी लिंकच्या शेवटी `&t=460s` जोडते, म्हणजे मूल थेट ७ मिनिटं ४० सेकंदांवर पोचतं. कमेंटमध्ये विचारलेली शंका बाकीच्या कमेंटखाली गाडली जाते. वर्गाच्या गटावर ती सगळे वाचतात.

ड्राइव्हचं म्हणाल तर तिथेही सगळ्यांना उघडावं म्हणून शेवटी ‘Anyone with the link’ हाच पर्याय निवडावा लागतो. म्हणजे फिरून तुमच्या गावातच आलो.