साडेपाच, ५.५० आणि फाईव्ह पॉईंट फाईव्ह

वर्तमानपत्रात उपसंपादक असण्याचा घरात एकच उपयोग असतो: "तू लिहितोसच ना काहीतरी, मग हेही लिहून दे." ६ जून २०२५ला, शुक्रवारी, हे वाक्य मला तीन तोंडांनी ऐकवण्यात आलं.

त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने पतधोरण जाहीर केलं. ऑफिसात मी पुढचा परिच्छेद दहा मिनिटांत लिहिला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो:

"रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दरात ५० आधार अंकांची कपात करून तो ५.५० टक्क्यांवर आणला आहे. रोख राखीव प्रमाण टप्प्याटप्प्याने १०० आधार अंकांनी कमी करून ३ टक्क्यांवर आणण्यात येईल. धोरणात्मक भूमिका 'उदार'वरून 'तटस्थ' करण्यात आली आहे."

घरी नाना खडू घेऊन बसले होते. ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर रोज एक बातमी लिहायचं काम त्यांच्याकडे आहे. भाचीला दहावीच्या वर्गात 'बातमी समजून घेऊ या' असलं काहीतरी सादर करायचं होतं. आणि तिचे वडील, म्हणजे आमचे सीए भावोजी, यांना अशिलांना पाठवायला चार ओळी हव्या होत्या. बातमी एकच, तीही लिहून तयार. मला वाटलं, शब्द इकडचे तिकडे केले की झालं.

पहिला नंबर नानांचा. त्यांनी परिच्छेद वाचला आणि विचारलं, "तटस्थ म्हणजे? रिझर्व्ह बँक आता कोणाच्याच बाजूची नाही?" मी म्हटलं, पुढे दर कमीही होऊ शकतात, वाढूही शकतात, आत्ताच काही सांगत नाही, असा त्याचा अर्थ. "मग तसं लिही की!" ते म्हणाले. 'आधार अंक' वाचून तर त्यांनी खिशातलं आधार कार्ड चाचपलं. टक्क्याचा शंभरावा भाग म्हणजे आधार अंक, पन्नास म्हणजे अर्धा टक्का, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. सहाचे साडेपाच! इतकी सोपी गोष्ट तुम्ही लपवता कशाला, असा त्यांचा सूर होता.

मग मी फळ्यासाठी लिहून दिलं: "रिझर्व्ह बँकेने व्याजदर सहावरून साडेपाच टक्के केला. कर्जे स्वस्त होणार, ठेवींवरचे व्याज कमी होणार." ठसठशीत, छोटं, मोठ्या अक्षरात मावणारं. सोमवारी सकाळी संघातले पाच आजोबा मुदत ठेवींच्या पावत्या घेऊन बँकेत पोहोचले. व्याज कमी व्हायच्या आत मोडून टाकू, असा त्यांचा बेत होता.

चूक माझीच. सोपं करताना मी शब्द उतरवले आणि त्यांच्याबरोबर 'नव्या' हा शब्दही वाहून गेला. चालू मुदत ठेवीला ठरलेला दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. नवी ठेव ठेवताना किंवा जुनीचं नूतनीकरण करताना नवा दर लागतो, आणि तोही बँक ठरवेल तेव्हा, ठरवेल तेवढाच. उलट मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका दंड म्हणून व्याज कापतात. दहा लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाच हजार, महिन्याला चारशे सतरा रुपये. म्हाताऱ्या माणसाच्या महिन्याच्या औषधांत हा आकडा दिसतो, म्हणून तर ते धावले. संध्याकाळी फळ्यावर एक ओळ वाढली: "जुनी पावती तशीच राहील. मोडू नये." एवढं वाक्य मी आधीच लिहिलं असतं तर पाच आजोबांचा रिक्षाखर्च वाचला असता. बँकेतल्या मुलीने समजावून परत पाठवलं म्हणून निभावलं.

भाचीच्या बाबतीत मी ठरवलं, तरुणांच्या भाषेत लिहू. "मित्रांनो, आरबीआयने रेट एकदम डाऊन केला, भावा!" तिने ते वाचून फोन उलटा ठेवला.

"मामा, 'मित्रांनो' म्हटलं की पुढे ज्ञान येतं. आणि 'भावा' आमच्यात कोणी असं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतात?"

"ते लिहायचं नसतं."

तेव्हा उमगलं की दहावीतल्या मुलांसाठी त्यांच्यासारखं बोलायचं नसतं, साधं बोलायचं असतं. तिला शब्दांचा त्रास नव्हताच. 'कपात' तिला कळत होतं, 'टक्के' कळत होते. कळत नव्हतं ते एवढंच की बँक उसने पैसे घेतेच कशाला. मग लिहिलं: बँकांना थोड्या दिवसांसाठी पैसे कमी पडले की त्या आपल्याकडचे सरकारी रोखे गहाण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेतात, त्याचं व्याज म्हणजे रेपो दर. आणि रोख राखीव प्रमाण? बँकांना ठेवींतला ठरलेला भाग रिझर्व्ह बँकेकडे ठेवावाच लागतो, तो भाग. समज, वाढदिवसाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले चार आईकडे ठेवायलाच लागतात. आता तीनच ठेवायचे, एक रुपया तुझ्या हातात.

"आई त्यावर व्याज देते?"

"नाही. रिझर्व्ह बँकही देत नाही."

"बरोबर आहे मग," ती म्हणाली. उपमा इतकी चपखल बसल्याचा आनंद माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मिळाला. पण 'साडेपाच' तिने खोडून '5.5' केलं. वर्गातल्या अर्ध्या मुलांना साडे आणि पावणे फक्त घड्याळात कळतात म्हणे.

उरले भावोजी. त्यांना काही बदलायची गरज नाही, मूळ परिच्छेदच चालेल, असा माझा समज होता. सोमवारी रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला.

"तुमच्या पेपरच्या मथळ्यात 'रेपो दर अर्ध्या टक्क्याने घटला' असं आहे. सहाचा अर्धा टक्का किती होतो?"

"शून्य पॉईंट शून्य तीन."

"म्हणजे तुमच्या हिशोबाने दर ५.९७ झाला."

नानांना ज्या अर्ध्या टक्क्याने आनंद झाला, त्याच अर्ध्या टक्क्याने भावोजींची झोप उडाली. आधार अंक हा शब्द नेमका ह्याच घोटाळ्यासाठी जन्मला आहे, हे मला तेव्हा मान्य करावं लागलं. शिवाय 'टप्प्याटप्प्याने' त्यांना नको होतं, तारखा हव्या होत्या: ६ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, १ आणि २९ नोव्हेंबरपासून, प्रत्येकी २५ आधार अंक. 'कर्जे स्वस्त'ही नको. बँकांची १ ऑक्टोबर २०१९पासूनची तरत्या दराची नवी गृहकर्जं बाह्य मानदंडाला, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, बांधलेली आहेत, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, आणि त्यांचा दर तीन महिन्यांत एकदा तरी बदलावा लागतो. स्थिर दराच्या कर्जाला यातलं काही नाही. तीस लाख, वीस वर्षं, साडेआठचे आठ टक्के झाले तर हप्ता २६,०३५वरून २५,०९३वर येतो. पण बँक अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, हे त्यांनी मला तीनदा घालायला लावलं. नव्याने लिहिताना ५.५०मधलं शून्य मी गाळलं होतं, तेही परत आलं.

शेवटी फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ते नानांचं वाक्यही टाका. जुनी पावती तशीच. सकाळपासून अशील तेच विचारतायत."

५ डिसेंबरला रेपो दर पुन्हा पाव टक्क्याने उतरला. नाना खडू घेऊन हजर. मी शहाणा झालो होतो. नवी ठेव, जुनी पावती, सगळं पहिल्याच ओळीत घेतलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आता सव्वापाच.' क्लासवरून येताना भाची फळ्यापाशी थांबली, आणि घरात शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "मामा, आजोबांची मीटिंग सव्वापाचला आहे का?"